तिथीची आठवण कुणी ठेवायची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सुभानपुऱ्यातल्या आपल्या गुरुवारच्या सत्संगात गेले काही दिवस एक यादी करायचं चाललंय. घरोघरचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि गेलेल्यांच्या पुण्यतिथ्या, सगळं तिथीनुसार फोनमध्ये भरायचं, म्हणजे त्या त्या दिवशी ग्रुपवर आपोआप आठवण येईल. कल्पना चांगली आहे. पण काम सुरू केलं आणि लक्षात आलं की तिथी ही तारखेसारखी एकदा लिहून ठेवायची गोष्टच नाही. त्यातून जो प्रश्न निघाला तो आम्हाला पंचांगापेक्षा मोठा वाटतो, म्हणून आज त्यावरच लिहितोय.

आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं उदाहरण घेऊ. प. पू. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, गरुडेश्वरी समाधिस्थ झाले ती तिथी आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६. इंग्रजी तारीख २४ जून १९१४. फोनच्या कॅलेंडरमध्ये २४ जून टाकून ‘दरवर्षी’ असं केलं की काम झालं, असं वाटतं. पण ही प्रतिपदा २०२३ साली १९ जूनला होती, २०२४ ला ६ जुलैला, २०२५ ला २६ जूनला, आणि २०२६ ला ती येते १५ जुलैला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते. मग अधिक महिना येतो आणि तिला एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे ढकलतो. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणून आषाढ इतका लांबला. तिथी आणि तारीख जवळपास एकत्र येतात ती दर एकोणीस वर्षांनी, तीही कधी एखाद्या दिवसाच्या फरकाने.

इथपर्यंतचं गणित तिथीचं ॲप करतं. खरी अडचण पुढे आहे.

२०२५ ची ही प्रतिपदा लागली २५ जूनला दुपारी चार वाजता आणि संपली २६ जूनला दुपारी १ वाजून २४ मिनिटांनी. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, या नियमाने आपल्याकडे प्रतिपदा झाली २६ तारखेला. वाढदिवसाला हे ठीक आहे. पण आषाढ शुद्ध प्रतिपदेला गेलेल्या एखाद्या गृहस्थाचं वर्षश्राद्ध असेल तर? श्राद्धाला सूर्योदय बघत नाहीत, अपराह्णकाळ बघतात. दिवसाचे पाच भाग केले की चौथा भाग तो अपराह्ण. जूनअखेरीस वडोदऱ्यात तो साधारण दुपारी दोन ते साडेचार. २६ तारखेला दोन वाजता प्रतिपदा संपून गेलेली होती. २५ ला मात्र चार ते साडेचार ती होती. म्हणजे श्राद्ध २५ ला. फोन सांगणार २६, गुरुजी सांगणार २५, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर!

आता त्याच घरातला मुलगा न्यू जर्सीला आहे असं धरा (आपल्याकडे असं घर शोधावं लागत नाही). तिथल्या घड्याळाने ती प्रतिपदा २५ जूनला सकाळी साडेसहाला लागली आणि २६ ला पहाटे चारच्या आधीच संपली. तिथे सूर्य उगवतो साडेपाचच्या सुमारास. २५ च्या सूर्योदयाला अमावास्या, २६ च्या सूर्योदयाला द्वितीया. प्रतिपदेला सूर्योदय मिळालाच नाही, तिचा क्षय झाला. सूर्योदयाची तिथी शोधणाऱ्या फोनला त्या वर्षी तिथे हा दिवस सापडणारच नाही, आणि तो काही न बोलता गप्प बसेल. मुलगा समजेल, अजून दिवस यायचाय.

आणखी एक घोळ महिन्याच्या नावाचा. आपण आणि आपले गुजराती शेजारी महिना अमावास्येला संपवतो, त्यामुळे त्यांचं श्रावण वद पाचम ते आपलं श्रावण वद्य पंचमी. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तीच तिथी त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण पंचमी. टेंबे स्वामींची जन्मतिथी हीच आहे. ॲप उत्तरेच्या पद्धतीवर असेल आणि आपण ‘श्रावण कृष्ण पंचमी’ भरली, तर आठवण सरळ एक महिना आधी वाजेल. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही, म्हणून तो लवकर पकडलाही जात नाही.

सत्संगात एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अहो, देवाला काय तिथी नि काय तारीख! मनापासून आठवण काढली की झालं.” बोलणं खोटं नाही. पण आमच्या मनात आलं ते असं. जिवंत माणसाला आपण विचारू शकतो. एखाद्या मावशींना तिथीने ओवाळून घ्यायला आवडतं, त्यांच्या नातीला तारखेचा केक हवा असतो. ज्याचा दिवस त्याने ठरवावा, त्यात शास्त्र आडवं येत नाही. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही. तो ज्या रीतीने आपल्या आई-वडिलांचा दिवस पाळत आला, तीच त्याची इच्छा असं धरणं हेच त्यातल्या त्यात प्रामाणिक. आपल्या सोयीने दिवस रविवारवर ढकलला तर आठवण राहते खरी, पण ती आपल्या फावल्या वेळात बसवलेली आठवण असते.

याचा अर्थ दिवस चुकला की सगळं बुडालं असाही नाही. मृत्यूची तिथीच ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवलेली आहे. शास्त्राने विसराळू माणसाला जागा दिली आहे. विचारायचा कंटाळा केला त्याला दिली आहे का, हे ज्याने त्याने बघावं.

पूर्वी घरात कुणीतरी एक जण असायचं, बहुधा आजी, जी महिनाभर आधी भिंतीवरचं पंचांग बघून म्हणायची, “यंदा तुझ्या आजोबांचं कधी येतंय ते गुरुजींना विचारून ठेव रे.” त्या विचारण्यातच निम्मी आठवण होऊन जायची. गुरुजी विचारायचे, कोणत्या वेळी गेले? मग वेळ आठवायची, ती सकाळ आठवायची, कोण कोण जवळ होतं ते निघायचं. फोनने नुसतं उत्तर आणून दिलं तर हे बोलणंच होत नाही.

म्हणून यादीबद्दल आमचं मत असं झालं आहे. त्या दिवशी सकाळी वाजणारी आठवण नकोच. तिथीच्या पंधरा दिवस आधी, फक्त त्या घराला एक निरोप जावा: “आषाढ शुद्ध प्रतिपदा जवळ येतेय, यंदाचा दिवस गुरुजींना विचारून घ्या.” घरच्यांनी दिवस कळवला की मगच तो ग्रुपवर जाईल. परदेशातल्या मुलांनी तिथल्या गावाचं पंचांग बघावं, इथला दिवस तसाच उचलू नये. मधे अधिक महिना आला असेल तर पहिल्या वर्षश्राद्धाचा निर्णय पुढच्या वर्षांहून वेगळा असतो, तो तर विचारल्याशिवाय ठरवूच नये.

नोंद देताना एवढं लिहावं: महिना, पक्ष, तिथी, शके किंवा इंग्रजी साल, जन्माची किंवा मृत्यूची वेळ, आणि गाव. वेळ माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसून विचारा, आणि तसं कुणी नसेल तर तेवढी जागा कोरी ठेवा. अंदाजाने भरू नका. कागद येत्या गुरुवारी आरतीनंतर घेऊ.

श्री गुरुदेव दत्त.