हंड्याची वाट कुठल्या रकान्यात?

लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीवर दरवर्षी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मार्च सरत आला की विहिरींचा तळ दिसतो. जांभ्यातून पाणी झिरपून खाली निघून जातं. मग जूनची पहिली सर येईपर्यंत, साधारण ७५ दिवस, टँकर येतो. त्याचे पैसे मुंबईतलं आमचं मंडळ देतं आणि मंडळाचा हिशेब माझ्याकडे आहे. यंदा मंडळाकडे १८ लाख रुपये जमले. त्यातून घरोघरी पावसाच्या पाण्याच्या फेरोसिमेंटच्या टाक्या बांधाव्यात, की आहे तसा टँकरच चालू ठेवावा, हे ठरवायला मी गावी गेलो. वाडीतली टँकरची वही वहिनी सांभाळतात. पडवीत ती वही आणि माझा कागद शेजारी ठेवून आम्ही बसलो.

मी : वहिनी, सभेत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. टाक्यांना १८ लाख आणि टँकरला वर्षाला १ लाख २० हजार. टँकर पंधरा पट स्वस्त.

वहिनी : एक रक्कम जन्मभराची नि दुसरी एका उन्हाळ्याची. त्यांची तुलना करून काय कळणार? नवी म्हैस आणि आजचं एक लीटर दूध यात महाग काय, असं विचारल्यासारखं झालं ते.

मी : म्हणून मी कागदाचे दोन भाग केलेत. डावीकडे एकदाच लागणारा पैसा, उजवीकडे दरवर्षी लागणारा. पूर्ण वाडीचा आकडा डोळ्यांत मावत नाही, म्हणून एका घराचा हिशेब घेतो. टँकर ५ हजार लीटरचा, खेप १,६०० रुपये, रोज एक. घरं ४०. म्हणजे घरटी रोज १२५ लीटर पाणी आणि वर्षाला ३ हजार रुपये. डावीकडे शून्य.

वहिनी : आणि टाकी?

मी : १२५ लीटर, ७५ दिवस, म्हणजे ९,३७५ लीटर. तेव्हा दहा हजार लीटरची टाकी हवी. गवंड्यानं पन्हळीसकट ४५ हजार सांगितलेत. हे डावीकडे. उजवीकडे टाकी धुणं, टीसीएल पावडर, जाळी बदलणं, धरा ३०० रुपये.

वहिनी : पन्हळ उन्हानं तडकते. प्लॅस्टिकची असेल तर पाच वर्षं निघाली तरी पुष्कळ. ती कुठे धरलीत?

मी : डावीकडच्या ४५ हजारांत आहे ना.

वहिनी : ती पहिली पन्हळ. सहाव्या वर्षीची कुठाय? एकदाच म्हणून लिहिलेला खर्च पुन्हा येणार असेल, तर तो एकदाचा नव्हे. मग ती वेळ आली की जो तो मंडळाच्या तोंडाकडे बघतो, पन्हळ लोंबकळत राहते आणि टाकी कोरडी.

मी : बरोबर. नवी पन्हळ ३ हजारांची धरू. पाच वर्षांनी विभागली की वर्षाचे ६००. हे ६०० उजवीकडे गेले. टाकीचा चालू खर्च आता ९०० झाला.

वहिनी : म्हणजे टँकरचे ३ हजार वाचले, ९०० गेले. हाती २,१००.

मी : ४५ हजारांना २,१०० नी भागा. टाकीचे पैसे फिटायला एकवीस वर्षांच्या वर लागतात. आणि तेच ४५ हजार बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला २,७०० व्याज येतं. टाकी वाचवते त्याहून जास्त. मला टाकीच हवी होती, वहिनी. पण कागद टँकरच्या बाजूनं बोलतोय.

वहिनींनी वही मिटली आणि अंगणाच्या टोकाशी नेऊन मला खालची सडक दाखवली. सडकेच्या कडेला निळी पिंपं ओळीनं उभी होती. टँकर तिथेच रिकामा होतो. तिथून वरच्या घरांकडे पाखाडी चढते.

वहिनी : सडकेपासून या दारापर्यंत दोनशे मीटर. हंड्यात पंधरा लीटर मावतं. १२५ लीटर म्हणजे आठ-साडेआठ हंडे. आठच धरा. जाऊन-येऊन चारशे मीटर, आठ वेळा.

मी : रोजचे तीन किलोमीटरच्या वर. ७५ दिवसांचे २४०.

वहिनी : त्यातले निम्मे डोक्यावर हंडा घेऊन, चढणीचे. हे तुमच्या कागदावर कुठल्या बाजूला आहेत?

मी : कुठेच नाहीत. त्याची पावती फाडली जात नाही, म्हणून लक्षात आलं नाही. पण हा चालू खर्च आहे, टँकरचाच. भरणं धरून एका खेपेला बारा मिनिटं लागतात. आठ खेपा म्हणजे ९६ मिनिटं. बायकांची शेतातली मजुरी दिवसाला ३०० धरली, तर या वेळेचे रोज ६० रुपये होतात. ७५ दिवसांचे ४,५००.

वहिनी : थांबा. मला तासाला साडेसदतीस रुपये मिळाले तर मी आनंदानं हंडे वाहीन, असं वाटतं का तुम्हाला? मे महिन्यात त्या वेळी मला आमसुलं वाळत घालायची असतात. गुडघ्याची किंमत तर सोडाच. तुम्ही माझ्या चालण्याला दर लावलात की कोणी तरी सभेत उठून म्हणेल, मग ४,५०० रुपये देऊन टाका आणि टँकर चालू ठेवा.

मी : दर लावला नाही, तर ते शून्य धरलं जातं. आत्तापर्यंत तेच झालं. या दोन्हींत कमी चूक कुठली?

वहिनी : लिहा. पण ती किंमत नव्हे, निदान इतकं तरी, असं लिहा. माझं म्हणणं बदलत नाही.

मी : लिहिलं. आता या घराचा हिशेब असा. टाकीमुळे वर्षाला वाचतात २,१०० अधिक ४,५००, म्हणजे ६,६००. बुडालेलं व्याज वजा केलं तरी ३,९०० उरतात. आणि व्याज न धरता, वर्षाला ६,६०० नी ४५ हजार सात वर्षांच्या आत फिटतात. आणि खालच्या आळीत, जिथे पिंप दाराशीच आहे, तिथे पहिलाच हिशेब खरा. म्हणजे एकाच वाडीत दोन उत्तरं.

वहिनी : सडकेच्या घराला टाकी नको आणि पाखाडीच्या घराला हवी. हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. मुंबईहून येणाऱ्याला सगळ्यांना सारखं वाटायचं असतं, म्हणून अडतं.

मी : एक शंका मात्र राहते. टँकर उद्या बंद करता येतो. वरच्या आळीतलं एखादं घर चार वर्षांनी कुलूपबंद झालं, तर टँकरची खेप कमी होते. टाकी मात्र उचलून नेता येत नाही. चालू खर्चाचा हा एक गुण आहे की गरज संपली की तोही थांबतो. एकदाचा पैसा पुढच्या सगळ्या वर्षांबद्दल आजच शब्द देऊन बसतो.

वहिनी : मग सात वर्षं कोण राहणार आहे ते विचारा. मी घरोघरी ओळखते. वरच्या आळीत पंधरा घरं अशी आहेत की सात वर्षं चूल नक्की पेटेल. तिथे बांधा.

मी : पाणी टिकेल का पण? पाऊस ऑक्टोबरात जातो, आपल्याला ते मार्चच्या विसाव्या दिवसापासून हवंय.

वहिनी : भरायला अडचण नाही. पन्नास चौरस मीटरच्या कौलांवर एक मिलिमीटर पडला तर पन्नास लीटर. सांडलवंड धरून चाळीस. अडीचशे मिलिमीटरला टाकी काठोकाठ. एवढं तर जुलैत बघता बघता पडतं. पहिल्या सरी कौलांवरची घाण धुतात, त्या बाहेर सोडायच्या. अवघड आहे ते राखणं. जानेवारीत पाहुणे आले, तोटी हाताशी आहे, कोण विहिरीवर जाणार? टाकी फेब्रुवारीत संपली की एप्रिलमध्ये टँकर मागवावाच लागतो. मग टाकीचाही खर्च आणि टँकरचाही.

मी : दोन्ही रकाने एकाच घराला.

वहिनी : म्हणून तोटीला कुलूप. दुसरं म्हणजे गळती. तासाला एक लीटर झिरपलं तर भिंत नुसती ओलसर दिसते, कोणाला कळतही नाही. पाच ऑक्टोबर ते वीस मार्च किती होतं सांगा.

मी : १६६ दिवस. जवळजवळ चार हजार लीटर.

वहिनी : दहातले चार. म्हणून बांबूच्या काठीवर खुणा करायच्या आणि दर अमावास्येला बुडवून बघायचं. वापर नसताना पाणी उतरलं, म्हणजे गळतंय. गवंड्याला तेव्हाच बोलवायचं, मार्चमध्ये नव्हे. आणि टाकी रिकामी करून उन्हात तापू द्यायची नाही, तडे जातात. तळाला हातभर पाणी ठेवायचं.

मी कागद उलटा केला आणि नव्यानं मांडणी केली. पंधरा टाक्यांचे ६ लाख ७५ हजार. उरले ११ लाख २५ हजार. बाकीच्या पंचवीस घरांना रोज ३,१२५ लीटर लागणार. टँकर आता रोज नको, आठ दिवसांत पाच खेपा पुरतात, ७५ दिवसांच्या ४७. त्याचे ७५ हजार २०० रुपये. उरलेल्या पैशाचं सहा टक्क्यांनी व्याज येतं ६७,५००.

मी : बघा, वहिनी. मंडळाचा एकरकमी पैसा मुदत ठेवीत ठेवला, तर तो जवळपास सगळा टँकर ओढतो. वर्षाला आठेक हजारच वर घालायचे.

वहिनी : डिझेल वाढलं की टँकरवाला दर वाढवणार. व्याज वाढतं का?

मी : नाही. आठेक हजारांचे पाच-सहा वर्षांत वीस-तीस हजार होतील. तेवढं मंडळानं दरवर्षी उभं करायचं, हे आजच सांगून ठेवावं लागेल. आणि पंधरा टाक्यांचे घरटी ९००, म्हणजे साडेतेरा हजार, ते कोण भरणार?

वहिनी : आम्ही. दर महिन्याला ७५ रुपये, बचत गटाबरोबरच गोळा करू. पण त्यातले पन्हळीचे ५० वेगळ्या पासबुकात. ते पाच वर्षं कोणी हात लावायचे नाहीत.

मी : मंडळाला ४० टाक्यांचा फलक हवा होता.

वहिनी : पंधरांचा लावा. आणि तो २४० चा आकडा सभेत वाचून दाखवा. रुपयांचा नको, किलोमीटरचा.

मी कागदावर उजवीकडच्या रकान्याखाली आणखी एक ओळ आखली. तिथे रुपयांचं चिन्ह घातलं नाही.