मालाची किंमत बिल ऑफ एन्ट्रीत सापडत नाही

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर सुटून रबाळे किंवा महापेच्या गोदामात आला, की अकाउंट्सच्या टेबलावर बिल ऑफ एन्ट्री येते. त्यात प्रत्येक मालासमोर `ASSESS VALUE` नावाचा मोठा, रुपयांत छापलेला आकडा असतो. वर सरकारी शिक्का, म्हणून हीच आपल्या मालाची किंमत असे पुष्कळांना वाटते. त्यात ड्युटी मिळवायची, नगांनी भागायचे, की झाली लँडेड कॉस्ट. इथेच हिशेब चुकतो. ए.व्ही. म्हणजे आपण दिलेली रक्कम नव्हे. ज्या मूल्यावर सीमाशुल्क आकारायचे, ते कस्टम्सने नियमाने ठरवलेले मूल्य म्हणजे ए.व्ही.

एक उदाहरण घेऊ. आकडे आणि दर समजुतीसाठी धरले आहेत, रीत खरी आहे. चीनमधून एफओबी अटीवर 10,000 डॉलरचा माल आला: पितळी व्हॉल्व 2,000 नग, दर 4 डॉलर, आणि गॅस्केटचे संच 4,000, दर अर्धा डॉलर. म्हणजे 8,000 आणि 2,000 डॉलर.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम 14 प्रमाणे आणि 2007 च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे या किमतीत आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा मिळवतात. भाडे 500 डॉलर, त्याचा कागद होता. विम्याचा कागद सादर झाला नाही, म्हणून नियमाने एफओबीच्या 1.125 टक्के, म्हणजे 112.50 डॉलर धरले. बेरीज 10,612.50 डॉलर. विनिमय दर बँकेचा नव्हे. बिल दाखल केलेल्या दिवशी लागू असलेला कस्टम्सचा दर. तो 88 रुपये धरू. ए.व्ही. 9,33,900 रुपये होते. भाडे आणि विमा मालाच्या किमतीच्या प्रमाणात विभागून व्हॉल्वच्या ओळीत 7,47,120 आणि गॅस्केटच्या ओळीत 1,86,780 येतात. पूर्वी यावर एक टक्का लँडिंग चार्जेस चढत. ते सप्टेंबर 2017 मध्ये गेले, पण जुन्या एक्सेल शीटच्या सूत्रात तो एक टक्का राहून गेला असेल तर ए.व्ही. कधीच जुळणार नाही.

आता बिलाचा तिसरा भाग, ड्युटीचा. इथे प्रत्येक मालाचे स्वतंत्र कोष्टक असते आणि लँडेड कॉस्टसाठी खरे काम याच पानावर आहे. व्हॉल्ववर मूळ सीमाशुल्क, म्हणजे बीसीडी, 7.5 टक्के धरू: 56,034 रुपये. समाजकल्याण अधिभार, एसडब्ल्यूएस, ए.व्ही.वर नाही, बीसीडीच्या रकमेवर 10 टक्के: 5,603.40. मग ए.व्ही., बीसीडी आणि एसडब्ल्यूएस यांच्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी: 1,45,576.33. गॅस्केटवर बीसीडी 10 टक्के धरला तर 18,678, अधिभार 1,867.80, आयजीएसटी 37,318.64. दर गुणिले ए.व्ही. करून छापील रक्कम येते का, ते प्रत्येक ओळीला पाहावे, आणि ओळींची बेरीज पहिल्या भागातल्या एकूण आकड्याशी जुळवावी. रुपयाच्या आतला फरक पूर्णांकनाचा असतो. फरक मोठा असेल तर एखादी ओळ सुटली आहे, किंवा `DUTY FG` या रकान्यातला आकडा चुकून उचलला गेला आहे. तो रकाना माफ झालेल्या ड्युटीचा. मुक्त व्यापार कराराखाली किंवा सवलतीच्या अधिसूचनेखाली आलेल्या मालात तो भरलेला असतो, पण ते पैसे आपण दिलेलेच नसतात.

बिलातून किमतीसाठी उचलायचे ते एवढेच: व्हॉल्वचे 61,637.40 आणि गॅस्केटचे 20,545.80. आयजीएसटी नाही, कारण नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते. लेखामानक 2 सुद्धा सांगते, की सरकारकडून परत मिळणारा कर साठ्याच्या किमतीत धरायचा नाही. ज्याला क्रेडिट मिळत नाही, उदाहरणार्थ कंपोझिशनवाल्याला, त्याच्यासाठी मात्र तो खर्चच आहे. बिलावर व्याज किंवा दंड असेल तर तोही मालावर चढवू नये. उशिराची किंमत गिऱ्हाइकाच्या दरात लपवली, की ती कुणाच्या नजरेस येत नाही.

बाकी सगळे बिलाबाहेरच्या कागदांवर आहे. मालाचे पैसे बँकेने 87.20 ने कापले: व्हॉल्वचे 6,97,600, गॅस्केटचे 1,74,400. जहाजभाडे 43,600. शिपिंग लाइनचे डीओ चार्जेस, सीएफएस, सीएचए, गोदामापर्यंतचा ट्रक, सगळे जीएसटी सोडून 56,400. भाडे धरून एक लाख. वर्षभराच्या विमा पॉलिसीतून या खेपेच्या वाट्याला हजार रुपये.

हा एक लाख कसा वाटायचा? कस्टम्सने किमतीच्या प्रमाणात वाटला म्हणून आपणही तसाच वाटावा असे नाही. भाडे आणि ट्रक जागा नि वजन यांचे असतात. व्हॉल्वचे वजन 1,800 किलो आणि गॅस्केटचे 1,200 किलो असेल तर वाटे 60,000 आणि 40,000. विमा मात्र किमतीचा असतो, म्हणून तो 800 आणि 200.

बेरीज केली की व्हॉल्व 8,20,037.40, म्हणजे नगाला 410.02 रुपये, गॅस्केट 2,35,145.80, म्हणजे संचाला 58.79.

आता बिलावरच विसंबलेला हिशेब शेजारी ठेवा. ए.व्ही. अधिक बीसीडी अधिक अधिभार: व्हॉल्व 404.38, गॅस्केट 51.83. व्हॉल्वमध्ये फरक थोडा, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. गॅस्केटमध्ये सात रुपये कमी. त्यावर दहा टक्के नफा धरून 57.01 ला विकले, की प्रत्येक संचामागे पावणेदोन रुपयांहून जास्त तोटा, आणि वहीत मात्र नफा. स्वस्त पण जागा खाणाऱ्या मालात हा घोटाळा नेहमी होतो. उलट आयजीएसटी धरून बसणारा व्हॉल्वची किंमत 477.17 सांगतो आणि बाजारात गिऱ्हाईक गमावतो.

दोन सावधगिऱ्या हव्यात. भागताना बिलावरचे एकक पाहा. टॅरिफच्या एककात माल किलोत असू शकतो आणि आपण नगात विकतो. आणि नोंद सीएचएने आधी पाठवलेल्या चेकलिस्टवरून करू नका. तपासणीनंतर वर्गीकरण किंवा मूल्य बदलू शकते, म्हणून आउट ऑफ चार्ज झालेली अंतिम प्रतच घ्या.

ए.व्ही. किंमत नसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष परवडत नाही, कारण ड्युटी तिच्यावरच बसते. बिलात भाडे बरोबर एफओबीच्या 20 टक्के दिसले, तर समजा की भाड्याचा कागद कस्टम्सपुढे गेलाच नाही आणि नियमाचा अंदाजी आकडा लागला. आपल्या उदाहरणात 500 ऐवजी 2,000 डॉलर धरले असते, तर ए.व्ही. 1,32,000 ने वाढून बीसीडी आणि अधिभार मिळून 11,616 रुपये जास्त गेले असते, आणि त्यांचे क्रेडिट मिळत नाही. माल सुटल्यानंतर बिलात दुरुस्ती मागायची, तर कलम 149 प्रमाणे माल सोडवताना अस्तित्वात असलेलाच कागदोपत्री पुरावा चालतो. म्हणून भाड्याचे बिल आणि विम्याचा कागद, बिल ऑफ एन्ट्री दाखल होण्याआधीच सीएचएच्या हातात द्या.