टेबल दिलंय ना!

कोहा आणि सोल या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरांच्या तुलनेचा एक तक्ता या आठवड्यात अमरावती-अकोल्याच्या बहुतेक ग्रंथपालांच्या मोबाइलवर येऊन गेला. त्याच्या पक्षपाताची शंका काढली की एकच उत्तर मिळतं : ‘टेबल दिलंय ना!’

वा! चौकटी आखल्या की माणूस गंगेत न्हाला. ‘वेब कॅटलॉग’, ‘घरून शोध’ आणि ‘मोबाइलवर शोध’ ही एकच सोय तीन ओळींत मांडून कोहाला तीन खुणा दिल्या आहेत. ‘फुकट’ची चौथी. लिनक्सचा सर्व्हर कोण सांभाळणार, ही ओळच नाही. ओळी निवडतानाच निकाल लागलेला असतो, खुणा नंतर हौसेनं टाकायच्या. त्या खुणांचा मला मनापासून राग आहे. त्या ‘सोय आहे’ एवढंच सांगतात, ती चालते कशी हे सांगत नाहीत.

याच तक्त्यात ‘मराठी शोध’पुढे कोहाला फुली आहे. कोहाचं झेब्रा हे शोधयंत्र देवनागरीसाठी आयसीयू पद्धतीवर न्यावं लागतं. default.idx या फाइलमध्ये बदल करायचा आणि मग सगळी सूची पुन्हा बांधायची :

```
sudo koha-rebuild-zebra -f -v library
```

(library च्या जागी आपल्या कोहाचं नाव.) हे न करता दिलेली फुली बसवणाऱ्याला मिळाली, कोहाला नाही. दोन्ही साधनं आधी त्यांच्या जाणकारानं बसवावी तशी बसवा, मग तपासा.

तपासायला आपलाच शब्द घ्या : वऱ्हाड. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, ‘ऱ’ला हलन्त जोडून किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या लेखी ते वेगळे आहेत. तीच पुस्तकं दोन्हीकडे चढवा, दोन्ही तऱ्हांनी शोधा आणि खुणेऐवजी किती सापडली तो आकडा लिहा. दोन्हीकडे निम्मी गळाली, तर आधी आपली नोंदणी सुधारा, कारण तिथं एकाचाही विजय नाही.

आणि निकाल द्या. ‘ज्यानं त्यानं गरजेनुसार ठरवावं’ हे काही निकाल देणं नव्हे. ठरवणाऱ्यालाच तर तक्ता हवा होता! माझा निकाल असा : ग्रंथपाल एकटा, लिनक्स जाणणारं कुणी नाही, तर पैसे मोजून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं, विंडोजवर चालणारं सोल घ्या. संगणक विभागातला एखादा टिकणारा माणूस हाताशी असेल, तर कोहा. तो माणूस बदलून गेला की हा निकालही बदलतो, एवढं तक्त्याखाली लिहिलं तरी पुष्कळ.