वाकायचं कोणी?

माउली, वारीत आपण पंगतीला बसतो तेव्हा वाढणारा वाकतो आणि जेवणारा बसलेला असतो. मुक्कामाच्या गावातली एखादी बाई पिठलं-भाकरी वाढते आणि वर आपल्याच पाया पडते. देणारीही तीच, वाकणारीही तीच. आपल्याला त्यात नवल वाटत नाही.

आता एखाद्या ट्रस्टचा शिष्यवृत्ती समारंभ आठवा. देणगीदार व्यासपीठावर, मुलं खाली. समजा, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं नाव पुकारलं. निवेदक वाचतो, "वडील ऊसतोड मजूर, घर पत्र्याचं." तिच्या वर्गातल्या दोघी समोर बसल्या आहेत. ती पाकीट घेते, वाकते, आणि फोटो नीट आला नाही म्हणून तिला पुन्हा वाकायला सांगतात.

यात कोणी दुष्ट नाही. चूक कागद हाताळण्याची आहे. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला निवडीसाठी लागतो, कारण पैसा गरजूलाच जायला हवा. पण तो निवड करणाऱ्या दोघा-तिघांनी पाहावा आणि फायलीत ठेवावा. माइकवर नाव, गाव आणि ती काय शिकते एवढं पुरे. वडिलांच्या कोयत्याबद्दल तिलाच अभिमानानं बोलावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी; ते बोलणं तिचं असेल.

दुसरं, रक्कम समारंभाच्या आधीच तिच्या खात्यात किंवा कॉलेजच्या फीमध्ये जमा करावी. मग त्या दिवशी ती पैसे घ्यायला येत नाही, भेटायला येते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः राबत. घास घेणाऱ्या हाताला कामही होतं, म्हणून मान खाली घालायचं कारण उरत नव्हतं.

देणगीदाराचा मान यात कमी होतो का? उलट, आपण त्याला नुसता खिसा समजतो तेव्हाच त्याचा अपमान होतो. लाखाची देणगी आधी आणि पाचशेची शेवटी अशी यादी वाचली, की पेन्शनमधून पाचशे काढणारी आजी मागच्या रांगेत अवघडून बसते. नावं वर्णानुक्रमे घ्या, रकमा वाचूच नका. पावती आणि तपासलेला हिशेब मात्र प्रत्येकाला मिळाला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. एखाद्यानं "माझ्या पैशातून किती मुलं शिकली?" असं विचारलं तर आकडा सांगावा. "कोणती मुलं?" असं विचारलं तर मुलांना विचारल्याशिवाय सांगू नये. देणाऱ्याला हे थोडं कडू लागेल, पण तिथं ट्रस्टनं ठाम राहावं.

आणि खुर्च्या? पंगतीसारख्या मांडा, आजीच्या शेजारी ती नर्सिंगची मुलगी. आजी गुडघ्याचं विचारेल, मुलगी सांगेल. आणि त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी लागली म्हणून मुलगी आलीच नाही, तर तिची फी भरलेलीच आहे.