लहान गोष्टींचें मौन

ठाकुर्लीचा एक गृहस्थ मुंबईहून लोकलनें घरीं येई, तेव्हां पत्नी त्यास नळाचें पाणी, भाजीचा भाव, शेजारच्या मुलाचा ताप, सर्व सांगे. हळूहळू ती "ठीक आहे" एवढेंच म्हणूं लागली. यांत कपट आहे काय? आधीं हें पाहावें कीं, ती सर्वांशींच अबोल झाली आहे कीं पतीशींच. सर्वांशीं असेल, तर थकवा, चिंता अथवा मनाचा आजार संभवतो. शेजारणीशीं मोकळी बोलत असेल, तर पतीनें आपलीं उत्तरें आठवावीं: मोबाईलकडे पाहत हुंकार दिला, कीं लगेच दोष दाखविला? क्षुल्लक गोष्ट सांगणारा वस्तुतः विचारीत असतो, "माझें ऐकाल काय?" उत्तर न मिळाल्यास तो पुढें मोठें दुःखही सांगत नाहीं.