व्हिनेगर कशासोबत, हा खरा प्रश्न

हर्सूल तलावाच्या बाजूला पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या बोलण्यात साखर आणि वजन हे दोन विषय हटकून निघतात, आणि त्यांच्या मागोमाग ॲपल सायडर व्हिनेगरही येते. कोमट पाण्यात एक-दोन चमचे, सकाळी रिकाम्या पोटी, कुणी वरून मधही घालतो. छत्रपती संभाजीनगरात मेडिकलमध्ये, किराणा दुकानात, मोबाइलवर घरपोच, कुठेही बाटली मिळते. मला या सवयीची चेष्टा करायची नाही. माणूस साखरेच्या गोळ्यांना कंटाळतो, घरच्या घरी काही करता आले तर बरे असे त्याला वाटते. पण व्हिनेगरबाबत जे प्रयोग झाले आहेत ते नीट वाचले, तर त्यांतला जो भाग पक्का आहे तो नेमका या रिकाम्या पोटाच्या पद्धतीला लागू पडत नाही.

पक्का भाग जेवणानंतरच्या साखरेचा. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतील कॅरल जॉन्स्टन यांनी २००४ मध्ये २९ जणांवर प्रयोग केला. त्यांत काही निरोगी होते, काहींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नव्हते, दहा जणांना मधुमेह होता. २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यात मिसळून दिले आणि लगेच मैद्याचा पाव व संत्र्याचा रस. ज्यांचे इन्सुलिन नीट काम करत नव्हते, त्यांच्यात त्यानंतरच्या तासाभरात ते सुमारे ३४ टक्के अधिक प्रभावी ठरले. मधुमेहींत ही सुधारणा १९ टक्के होती, आणि इतक्या थोड्या माणसांत ती योगायोगापासून ठामपणे वेगळी काढता येत नव्हती.

२०१० मध्ये जॉन्स्टन यांनीच पुढचा प्रश्न विचारला: हा परिणाम कोणत्या अन्नावर होतो, आणि व्हिनेगर केव्हा घेतल्यावर? फक्त १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे, व्हिनेगर पिष्टमय जेवणासोबत घेतले तर नंतरची साखरेची चढण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाली. पिष्टाऐवजी थेट ग्लुकोज दिले तेव्हा काहीच फरक पडला नाही. आणि जेवणाआधी पाच तास घेतलेले व्हिनेगर जेवतानाच्या व्हिनेगरपुढे फिके पडले. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मधुमेहींना ७५ ग्रॅम ग्लुकोजसोबत व्हिनेगर दिले, तेव्हाही साखर तेवढीच चढली.

या निकालांतून कारण बरेचसे उलगडते. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल पिष्ट फोडून साखर करणाऱ्या पाचक द्रव्यांना मंदावते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. पोटात भाकरी, पोहे, भात, नान असेल तर मंदावण्यासारखे काही आहे. सकाळी सहाला पोटात काहीच नाही, आणि नऊ वाजता पोहे येतील तोवर ते आम्ल बरेचसे पुढे गेलेले असते. त्यातून मध घातला, तर व्हिनेगर जिला रोखू शकत नाही अशी तयार साखर आपण त्याच्याच सोबतीने पोटात सोडतो.

बाटलीच्या तळाशी दिसणारे गढूळ धागे, ज्यांना ‘मदर’ म्हणतात, त्यांच्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात. ते आंबवणाऱ्या जिवाणूंचे आणि त्यांनी तयार केलेल्या तंतूंचे जाळे आहे. साखरेवरचा जो परिणाम वर सांगितला, तो साध्या पांढऱ्या व्हिनेगरनेही मिळालेला आहे. काम आम्लाचे, सफरचंदाचे नव्हे.

आता वजन. इथे जमीन फारच भुसभुशीत आहे. सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग जपानचा, २००९ चा. १५५ स्थूल माणसांना बारा आठवडे रोज व्हिनेगरचे पेय दिले. १५ मिलीलीटर घेणाऱ्यांचे वजन सव्वा किलोच्या आसपास उतरले, ३० मिलीलीटर घेणाऱ्यांचे दोन किलोच्या जवळपास. प्रयोग मिझकान या व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी केला होता. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणी तो करून पाहायला हवा एवढे नक्की. आणि पेय बंद केल्यावर चार आठवड्यांत वजन परतीच्या वाटेला लागले.

मग मार्च २०२४ मध्ये लेबननचा निबंध आला आणि जगभर बातम्या झाल्या. १२ ते २५ वयाचे १२० जण, तीसतीसचे चार गट, रोज ५, १० किंवा १५ मिलीलीटर व्हिनेगर पाण्यातून, सकाळी रिकाम्या पोटी. बारा आठवड्यांत वजन सहा ते आठ किलो घटल्याचा दावा होता. हा आकडा वाचताच हिशेब करून पाहायला हवा होता. शरीरातली एक किलो चरबी घटायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. सात किलोंसाठी ५४ हजार, म्हणजे ८४ दिवस रोज सुमारे ६४० कॅलरी. ज्वारीच्या साडेतीन-चार भाकऱ्या रोज पानातून काढल्यासारखे. एक चहाचा चमचा आंबट पाणी हे कुठून करणार? पुढे संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे मागवून तपासले, तेव्हा निकाल पुन्हा निघेनात, आकड्यांत विसंगती आढळल्या, आणि प्रयोगाची आगाऊ नोंदणीही झालेली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये तो छापणाऱ्या बीएमजेच्या नियतकालिकाने निबंध मागे घेतला. लेखकांनी चुका अनवधानाने झाल्याचे सांगून त्याला मान्यता दिली. मला खटकते ते हे, की रिकाम्या पोटी व्हिनेगर पिऊन झपाट्याने वजन उतरते या दाव्याला जो सर्वांत ठळक आधार होता, तोच गेला. आणि निबंध आला तेव्हा जी बातमी झाली तिच्या एक शतांशही तो मागे घेतल्याची झाली नाही.

घरी ग्लुकोमीटर असणाऱ्याला स्वतःपुरते तपासता येते, मात्र एका वाचनावर भिस्त ठेवून नव्हे. हे यंत्र पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकते. म्हणजे १८० वाचन आले तर खरी साखर १५५ही असेल, २०५ही. तेवढेच पोहे, तीच वेळ, आदल्या रात्रीचे जेवणही सारखे, आणि एक दिवस व्हिनेगरसह, एक दिवस त्याविना असे आळीपाळीने बरेच दिवस पाहावे. दर वेळी खाल्ल्यानंतर तासाने आणि दोन तासांनी मोजावे. शेवटी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी हलली का, ते महत्त्वाचे. घ्यायचेच तर चहाचे दोन चमचे पेलाभर पाण्यात, जेवताना. पाणी न मिसळलेला घोट दातांचे आवरण खातो, घसा भाजतो. ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी १९९८ मध्ये एका तरुणीची नोंद केली आहे: ती सहा वर्षे रोज पाव लीटर व्हिनेगर पीत होती, तिच्या रक्तातले पोटॅशियम घसरले होते आणि हाडे ठिसूळ झाली होती. लघवी वाढवणाऱ्या, आणि त्यामुळे पोटॅशियमही घटवू शकणाऱ्या, गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

सर्वांत जास्त काळजी मला जुन्या मधुमेहींची वाटते. वर्षानुवर्षांच्या साखरेने काहींच्या जठराच्या नसा दुबळ्या झालेल्या असतात, चार घास खाल्ले की पोट भरते, अन्न तासन् तास वर राहते. स्वीडनमध्ये अशा दहा रुग्णांना दोन आठवडे ३० मिलीलीटर व्हिनेगर दिले, तर जठर रिकामे होण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १७ वर आले. असा माणूस जेवणाआधी इन्सुलिन टोचतो, इन्सुलिन वेळेवर कामाला लागते आणि अन्न मात्र जठरातच थांबते. मग साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात. आणि दोन-तीन तासांनी तेच अन्न खाली उतरले की साखर अडीचशेवर जाते. जेवणानंतर लगेच साखर पडणे आणि उशिरा चढणे असा क्रम दिसू लागला, तर डॉक्टरांना इन्सुलिनच्या मात्रेबरोबर व्हिनेगरचीही माहिती द्यायला हवी, कारण ते विचारतीलच असे नाही आणि रुग्णाला ते औषध वाटत नसल्याने तो सांगतही नाही.