आधी आकडा, मग तारीख

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुलं महाराष्ट्र किंवा विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाला परततात, आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नागझिऱ्याचा बेत निघतो. पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : कोणत्या तारखेला? माझ्या मते इथेच बेत फसायला सुरुवात होते.

तारखेला नकार देणं सोपं असतं. कुणाच्या घरी धानकापणी असते, कुणाच्या गावची मंडई असते. ही कारणं खरीही असतात. पण ज्याला खर्च झेपणार नाही, तोही हीच कारणं पुढे करतो, कारण 'एवढे पैसे नाहीत' असं दहा जणांसमोर लिहवत नाही. मग तारखा बदलत राहतात आणि खरी अडचण तशीच राहते. म्हणून बेत जमवणाऱ्याने प्रत्येकाला वेगळं विचारावं, 'जास्तीत जास्त किती जमेल?' सगळ्यात लहान आकडा धरून बेत आखावा आणि तो आकडा कुणाचा, हे ग्रुपवर सांगू नये.

दुसरा प्रश्न डोक्यांचा. सफारीच्या जिप्सीत गाईड आणि चालक सोडून साधारण सहा जण बसतात, आणि गाडीचं व गाईडचं भाडं माणशी नसून गाडीमागे असतं. हिशेबापुरतं एका गाडीचे सगळे मिळून ४,२०० रुपये धरू. सहा जण असतील तर माणशी ७०० पडतात. सातवा आला की दुसरी गाडी लागते. ८,४०० भागिले सात, म्हणजे माणशी १,२००. 'अजून एकाला घेऊ या का?' हा प्रश्न पहिल्या सहांना प्रत्येकी पाचशे रुपयांना पडतो, आणि तो बहुधा बुकिंगच्या आदल्या रात्री येतो. बारा जण जमत असतील तर दोन गाड्यांतही वाटा पुन्हा ७०० वरच येतो. म्हणून सहा की बारा, हे आधीच ठरवावं.

गळतीचंही तसंच. बारातला एक ऐन वेळी गळाला तरी दोन गाड्यांचं भाडं तेवढंच राहतं. गाडी-गाईडचा त्याचा वाटा त्याने द्यावा किंवा बदली माणूस आणावा. त्याच्या जेवणाचे पैसे मात्र मागू नयेत. ही अट पैसे जमा करण्याआधी लिहिलेली असली तर कुणाला लागत नाही. नंतर सांगितली तर ती दंडासारखी वाटते. परवाना नावानिशी आणि ओळखपत्रावर निघत असल्याने बदली माणूसही बुकिंगआधीच ठरलेला बरा.

'मी आहे' म्हणून अंगठा दाखवणाऱ्याला मोजू नका. ठरलेल्या दिवसापर्यंत ज्याचा ॲडव्हान्स आला, तोच धरा. आणि सगळ्यांचं बुकिंग एकट्याच्या खिशातून करू नका; परत आल्यावर मित्राकडे पैसे मागायची पाळी त्याच्यावर का आणायची?

यंदा ग्रुपवर तारखांचा पोल टाकण्याआधी प्रत्येकाला एक खासगी मेसेज करून बघा.